गॅनचे कोन आणि नऊचा चौकोन : स्वतः मांडा, स्वतः तपासा

निफ्टीचा २४ मार्च २०२० चा नीचांक ७५११.१० घ्या. त्याचं वर्गमूळ काढा, त्यात ४९.७५ मिळवा आणि बेरजेचा वर्ग करा. उत्तर येतं १८६०९. निफ्टी १९ ऑक्टोबर २०२१ ला १८६०४.४५ पर्यंत चढला आणि तिथून फिरला. दीड वर्षाची तेजी, अकरा हजार अंकांची चाल, आणि गणितानं दिलेल्या पातळीपासून फरक अवघा पाच अंकांचा.

शनिवार-रविवारच्या ट्रेडिंग क्लासमध्ये असं एक उदाहरण फळ्यावर उतरलं की सगळ्यांचे पेन थांबतात. पुण्यात गणिताबद्दल आदर असलेली माणसं भरपूर आहेत. इंजिनिअर, बँकेतून निवृत्त झालेले, सांख्यिकी शिकलेले लोकही गॅनच्या या पद्धतीकडे ओढले जातात, कारण ती अंदाजपंचे वाटत नाही. म्हणून ती बाजूला सारण्याआधी नीट शिकून घ्यायला हवी, आणि मग तिच्याच नियमांनी तपासायला हवी. या लेखात तेच केलं आहे. हाताशी ग्राफ पेपर, कॅल्क्युलेटर आणि एक्सेलसारखी शीट असली की झालं. मोठ्या आकाराचा मिलिमीटर ग्राफ पेपर अप्पा बळवंत चौकात सहज मिळतो. तो खरंच आणा, कारण पहिली गोष्ट कागदावरच उमगते.

कोनाची रेषा कागदावर

विल्यम डेल्बर्ट गॅन हा अमेरिकन सट्टेबाज आणि लेखक. जन्म १८७८, मृत्यू १९५५. त्याचा मूळ विचार असा की किंमत आणि वेळ यांचं एक प्रमाण असतं, आणि दोन्ही समान झाले, म्हणजे 'स्क्वेअर' झाले, की बाजाराचा कल बदलतो. किंमत एका दिवसात एक एकक वाढली तर ती रेषा 'एक बाय एक'. कागदावर एक चौकट उजवीकडे, एक चौकट वर, म्हणून ४५ अंशांचा कोन. किंमत दुप्पट वेगानं वाढली तर त्याहून चढी रेषा, निम्म्या वेगानं वाढली तर त्याहून सपाट. अशा नऊ रेषा एकाच बिंदूतून पंख्यासारख्या काढल्या की 'गॅन फॅन' तयार होतो. किंमत ४५ अंशांच्या रेषेच्या वर असेल तोवर तेजी, रेषा तुटली की पुढच्या खालच्या रेषेपर्यंत घसरण, असा नियम सांगितला जातो.

आता पेपर पुढ्यात घ्या. डाव्या बाजूला २४ मार्च २०२० आणि ७५११ हा बिंदू ठेवा. आडवी एक चौकट म्हणजे एक दिवस. उभी एक चौकट म्हणजे किती अंक?

सगळा खेळ या प्रश्नापाशी आहे. एक चौकट म्हणजे एक अंक धरला, तर १९ ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे ५७४ कॅलेंडर दिवसांनी, ४५ अंशांची रेषा ८०८५ वर असेल. त्या रेषेचा बाजाराशी काहीच संबंध उरत नाही. दहा अंक धरले तर रेषा १३२५१ वर येते. वीस अंक धरले तर १८९९१ वर, म्हणजे खऱ्या उच्चांकाच्या ३८६ अंक वर. आणि १९.३३ अंक धरले तर रेषा बरोबर उच्चांकाला टेकते, कारण हा आकडा मी अकरा हजार अंकांच्या चालीला ५७४ ने भागूनच काढला आहे. चाल आधी माहीत असली की तिला भिडणारं माप नेहमीच सापडतं.

जुन्या पिढीतले गॅनचे अभ्यासक यावर म्हणतात की माप अनुभवानं ठरवायचं असतं, आणि एकदा ठरवलं की बदलायचं नाही. ही अट प्रामाणिक आहे. पण मग ते माप ठरवण्याची पद्धत लिहून द्यावी लागेल, आणि दोन वेगळ्या माणसांनी ती वापरली तर दोघांनाही तेच माप मिळायला हवं. प्रत्यक्षात एक जण कॅलेंडर दिवस मोजतो, दुसरा फक्त व्यवहाराचे दिवस मोजतो. सुट्ट्या आणि शनिवार-रविवार गाळले की वर्षाचे ३६५ दिवस अडीचशेच्या आसपास येतात आणि रेषेचा उतार पार बदलतो.

मोबाइलवर तर आणखी घोळ होतो. चार्ट बोटांनी ताणला की ४५ अंश दिसणारी रेषा ६० अंशांची दिसू लागते. चार्टिंग ॲपमधलं गॅन फॅनचं साधन बहुतेक वेळा दोन बिंदू मागतं आणि मधली रेषा तुम्ही टेकवलेल्या दुसऱ्या बिंदूतून नेतं. म्हणजे उतार तुमच्या बोटानं ठरतो, बाजारानं नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि ती माप ठरवून सुटत नाही. दिवसाला वीस अंक ही वाढ ७५११ वर असताना सुमारे ०.२७ टक्के असते. तीच वाढ २५००० वर ०.०८ टक्के होते. गुंतवणूकदाराला टक्क्यांत नफा-तोटा होतो, पण सरळ रेषा अंकांत वाढते. लांब पल्ल्याच्या चार्टवर ही रेषा सुरुवातीला फार चढी आणि नंतर फार सपाट ठरते. 'रेषा तुटली' या वाक्याचा अर्थ २०२० मध्ये एक होता आणि आज दुसराच आहे.

नऊचा चौकोन

आपल्याकडे इंट्राडे करणाऱ्यांमध्ये कोनांपेक्षा 'स्क्वेअर ऑफ नाइन' जास्त चालतो. त्याचा कॅल्क्युलेटर फुकट मिळतो. चालू भाव टाकला की 'या वर खरेदी, या खाली विक्री' आणि दोन्ही बाजूंची टार्गेट हजर.

तो आधी हातानं मांडून पाहा. ग्राफ पेपरच्या मधल्या चौकटीत १ लिहा. त्याच्याभोवती गोल फिरत २ ते ९ लिहा, पहिला वेढा पूर्ण होईल. पुढच्या वेढ्यात १० ते २५, त्यापुढच्यात २६ ते ४९. लक्षात येईल की ९, २५, ४९ हे विषम संख्यांचे वर्ग एका तिरक्या रेषेवर येतात आणि ४, १६, ३६ हे सम वर्ग तिच्या समोरच्या बाजूला. ही रचना खरोखर सुंदर आहे, आणि तिच्यात कुठलीही गूढता नाही. ९, २५, ४९ यांची वर्गमुळं ३, ५, ७. म्हणजे एक पूर्ण फेरा, ३६० अंश, झाला की वर्गमूळ २ ने वाढतं. अर्धा फेरा म्हणजे १, आणि ४५ अंश म्हणजे पाव. सगळा चौकोन एका ओळीच्या सूत्रात मावतो.

```
=(SQRT(A2)+0.25)^2
```

`A2` मध्ये सुरुवातीचा भाव. 0.25 च्या जागी 0.5 टाकलं की ९० अंशांची पातळी, 1 टाकलं की १८० अंशांची, 2 टाकलं की पूर्ण फेऱ्याची. खालच्या पातळ्या हव्या असतील तर बेरजेऐवजी वजाबाकी. (कागदावरचा चौकोन आणि सूत्र यांत थोडा फरक राहतो. २५ पासून ९० अंशांवर कागदावर ३१ येतात, सूत्रानं ३०.२५. मोठ्या आकड्यांवर हा फरक नगण्य असतो.)

कॅल्क्युलेटरची ॲप याहून वेगळं काही करत नाहीत. काही ठिकाणी पायरी पावाऐवजी एक अष्टमांश असते, म्हणजे २२.५ अंश, एवढंच.

पाच अंकांचा फरक किती मोठा?

सुरुवातीच्या उदाहरणाकडे वळू. ४९.७५ हा आकडा ०.२५ च्या १९९ पटींइतका आहे. म्हणजे ७५११ पासून १८६०९ पर्यंत पोचताना वाटेत १९८ पातळ्या मागे पडल्या. त्यातल्या १९९ व्या पातळीला बाजार फिरला, हे पद्धतीनं आधी सांगितलेलं नव्हतं. पद्धतीनं दिली होती फक्त पातळ्यांची रांग.

त्या रांगेत दोन शेजारच्या पातळ्यांमध्ये अंतर किती? वर्गमुळाची दुप्पट गुणिले पायरी. १८६०० चं वर्गमूळ साधारण १३६.४, म्हणून अंतर सुमारे ६८ अंक. आता निफ्टी त्या भागात कुठेही फिरला असता तरी तो जवळच्या पातळीपासून जास्तीत जास्त ३४ अंक दूर असता. पाच अंकांच्या आत येण्याची शक्यता, नुसत्या योगायोगानं, ६८ पैकी १० अंकांची, म्हणजे साधारण १५ टक्के. सातात एकदा.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दर अर्ध्या किलोमीटरला एक खांब रोवला, तर गाडी कुठेही बंद पडो, ती खांबापासून पाव किलोमीटरच्या आतच असणार. खांबानं गाडी बंद पाडली असं त्यावरून म्हणता येत नाही.

सातात एकदा म्हणजे अशक्य नव्हे, पण एकाच उदाहरणावर निकालही देऊ नये. म्हणून त्याच ७५११.१० पासून निफ्टीची पुढची मोठी वळणं तपासू. १७ जून २०२२ चा नीचांक १५१८३.४०. जवळची पातळी १५१७०, फरक १३ अंक. २७ सप्टेंबर २०२४ चा उच्चांक २६२७७.३५. जवळची पातळी २६२९८, फरक २१ अंक. ७ एप्रिल २०२५ चा नीचांक २१७४३.६५. जवळची पातळी २१७३२, फरक १२ अंक.

हे आकडे अजूनही चांगले वाटतात ना? कुणीही सांगेल, वीस-बावीस हजारांच्या निर्देशांकात बारा अंक म्हणजे नेमका वेध. पण त्या भागात पातळ्याच ६० ते ८० अंकांवर आहेत. कुठलाही भाव डोळे मिटून निवडला तर जवळच्या पातळीपासून त्याचं सरासरी अंतर पातळ्यांमधल्या अंतराच्या एक चतुर्थांश निघतं, म्हणजे इथे पंधरा ते वीस अंक. निफ्टीची चार वळणं पाच, तेरा, एकवीस आणि बारा अंकांवर आली. चारच नमुन्यांत एवढं खाली-वर होणारच.

फरक अंकांत सांगितला की मन फसतं. तो नेहमी पातळ्यांमधल्या अंतराशी ताडून पाहावा. मला विचाराल तर या विषयात शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

तोच बाजार, दुसरं माप

आता याहून कठोर तपासणी. निफ्टी आणि सेन्सेक्स एकाच बाजाराचे दोन आरसे आहेत. सेन्सेक्समधल्या तीस कंपन्या निफ्टीच्या पन्नासांतही जवळजवळ सगळ्या असतात, आणि दोन्ही निर्देशांक रोज बरोबरीनं चालतात. २४ मार्च २०२० ला सेन्सेक्सचा नीचांक २५६३८.९० होता, आणि १९ ऑक्टोबर २०२१ ला उच्चांक ६२२४५.४३. दिवस तेच, माणसं तीच, भीती आणि लोभ तोच.

२५६३८.९० चं वर्गमूळ १६०.१२१५. ६२२४५.४३ चं २४९.४९०३. फरक ८९.३६८८. याला ०.२५ ने भागलं की ३५७.४७५ येतात. म्हणजे सेन्सेक्स एका पातळीच्या आणि दुसऱ्या पातळीच्या जवळजवळ मधोमध फिरला. जवळची पातळीसुद्धा ५९ अंक दूर होती आणि पातळ्यांमधलं अंतर सुमारे १२५ होतं. याहून चुकणं अवघड.

निफ्टीवर अचूक आणि सेन्सेक्सवर पूर्ण चुकीचं, हे एकाच क्षणी कसं? कारण वर्गमुळाला एककाची पर्वा असते. निफ्टीची सुरुवात ३ नोव्हेंबर १९९५ ला १००० धरून केली, सेन्सेक्सची १९७८-७९ ला १०० धरून. हे आकडे निर्देशांक काढणाऱ्यांनी सोयीसाठी निवडले. ते वेगळे निवडले असते तर सगळ्या पातळ्या दुसरीकडे गेल्या असत्या, आणि बाजारातल्या एकाही माणसानं एकही वेगळा सौदा केला नसता.

शेअरच्या बाबतीत हीच गोष्ट स्प्लिटच्या दिवशी दिसते. समजा एक शेअर २५०० रुपयांवर आहे. वर्गमूळ ५०, पुढची ४५ अंशांची पातळी ५०.२५ चा वर्ग, म्हणजे २५२५. अडथळा एक टक्क्यावर. आता कंपनीनं एकाचे पाच केले. भाव ५०० झाला. वर्गमूळ २२.३६, पुढची पातळी २२.६१ चा वर्ग, ५११.२४. अडथळा सव्वादोन टक्क्यांवर. कंपनी तीच, भागधारकाची संपत्ती तीच, फक्त कागदावरचे तुकडे वाढले, आणि 'नैसर्गिक' पातळी सरकली. ही अडचण कुणी समाधानकारक सोडवलेली माझ्या वाचनात आलेली नाही. शंका घेणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी हाच मानतो.

तारखांचं काय?

वेळेच्या भाकितात रांग आणखी दाट होते. एखाद्या वळणापासून पुढे कुठल्या दिवशी बदल होईल ते शोधताना साधारण दोन प्रकारचे आकडे वापरतात. वर्तुळाचे भाग : ३० च्या पटी, ४५, १३५, २२५, ३१५, शिवाय ७२ आणि १४४. आणि वर्गसंख्या : ३६, ४९, ६४, ८१ अशा.

निफ्टीच्या दोन वळणांवर लावून पाहू. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ हे ५७४ दिवस. चोविसाचा वर्ग ५७६. दोन दिवसांचा फरक, म्हणजे जुळलं. ऑक्टोबर २०२१ ते १७ जून २०२२ हे २४१ दिवस. हे कुठल्याच वर्गाजवळ नाहीत, २२५ आणि २५६ च्या ऐन मधे आहेत. पण २४० म्हणजे ३६० चे दोन तृतीयांश, त्यामुळे तेही जुळलं. पहिलं वर्गानं जुळलं, दुसरं वर्तुळानं. कुठलं कधी लावायचं ते वळण येऊन गेल्यावर ठरलं.

एका वर्षाचे असे आकडे मोजा. वर्तुळाचे १८, सहा ते एकोणीस यांचे वर्ग १४, दोन सामाईक (१४४ आणि २२५), म्हणून एकूण ३०. प्रत्येकाला तीन दिवस पुढे-मागे सूट द्या, क्लासमध्ये एवढी सूट असतेच. एकमेकांवर चढलेले दिवस एकदाच धरून ३६५ पैकी १८९ दिवस 'महत्त्वाचे' ठरतात. अर्ध्याहून जास्त. आणि हे एकाच वळणापासून. दोन वेगळ्या वळणांपासून मोजायला सुरुवात केली तर वर्षाचे साधारण तीन चतुर्थांश दिवस कुठल्या ना कुठल्या खुणेत येतात. अशा कॅलेंडरवर चुकीची तारीख शोधणंच कठीण.

आपली चाचणी कशी घ्यावी

पुण्यानं अशा दाव्यांची नीट चाचणी घेतलेली आहे, आणि तिची रचना इथे जशीच्या तशी उपयोगी पडते. आयुकाचे जयंत नारळीकर यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या प्रत्येकी शंभर, एकूण दोनशे मुलांच्या जन्मपत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कुठलं मूल कुठल्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. अचूक उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं तेवढंच. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. त्या चाचणीतल्या दोन गोष्टी आपण घ्यायच्या : काय झालं तर 'बरोबर' म्हणायचं ते आधी ठरवणं, आणि योगायोगानं किती बरोबर येईल ते आधी मोजणं.

शीट उघडा. निफ्टीचे रोजचे उच्चांक-नीचांक एनएसईच्या संकेतस्थळावर मिळतात. वळण कशाला म्हणायचं त्याचा नियम आधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, आधीच्या टोकापासून बाजार पाच टक्के उलटा फिरला की ते टोक वळण. हा नियम नंतर बदलायचा नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या माहितीतून तीस वळणं आरामात मिळतात. `A2` मध्ये सुरुवातीचा भाव, `B` स्तंभात एकाखाली एक वळणं, आणि `C2` मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा.

```
=MOD(SQRT(B2)-SQRT($A$2),0.25)/0.25
```

उत्तर ० ते १ च्या मधे येतं. ० किंवा १ च्या जवळ म्हणजे वळण पातळीवर आलं, ०.५ म्हणजे मधोमध. निफ्टीच्या आपल्या चार वळणांची उत्तरं आहेत ०.९३, ०.२२, ०.७५ आणि ०.१६. पद्धतीत दम असेल तर तीस उत्तरं दोन्ही टोकांना गर्दी करतील. नसेल तर ती सगळीकडे सारखी पसरतील.

'बरोबर' ची व्याख्या अशी घ्या : ०.१ पेक्षा कमी किंवा ०.९ पेक्षा जास्त. ही जागा एकूण पट्ट्याच्या वीस टक्के, म्हणून तीस वळणांपैकी सहा योगायोगानंच 'बरोबर' निघतील. सात-आठ आली तरी हुरळून जायचं कारण नाही. अकरा किंवा जास्त आली, तर तसं निव्वळ योगायोगानं होण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षा कमी असते, आणि मग पुढे शोधायला अर्थ आहे.

इथे एक सापळा आहे आणि बहुतेक जण त्यातच अडकतात. एका सुरुवातीच्या भावानं सहा आली, म्हणून दुसरा भाव घेतला. मग तिसरा. मग पायरी ०.२५ ऐवजी ०.१२५. चाळीस प्रकारे करून पाहिलं की शंभरात तीनची गोष्टही एखादवेळी घडतेच, आणि तोच प्रकार वहीत उरतो. यावर उपाय सोपा आहे. `A2` मध्ये कुठल्याही खऱ्या नीचांकाऐवजी `=RANDBETWEEN(5000,9000)` टाका आणि शीट पुन्हा पुन्हा ताजी करा. लहरी आकड्यांपासूनही तेवढीच 'बरोबर' वळणं येत असतील, तर खऱ्या नीचांकात विशेष काही नव्हतं. कोन तपासतानाही हेच करा : रेषा खऱ्या वळणातून काढा, तितक्याच रेषा कुठल्याही दिवसापासून काढा, आणि भाव कोणत्या रेषांवर जास्त वेळा थबकला ते मोजा.

यापुढचा टप्पा म्हणजे पुढच्या काळातली चाचणी. आजच्या तारखेला पातळ्या आणि तारखा लिहा, स्वतःलाच ईमेल करा म्हणजे तारीख पक्की राहील, आणि सहा महिने काही बदलू नका. पैसे लावायची गरज नाही. इंट्राडेच्या 'या वर खरेदी' पद्धतीसाठी प्रत्येक सौद्यात दलाली, एसटीटी आणि भावातला फरक वजा करा. २५००० च्या निफ्टीवर २२.५ अंशांची पायरी जेमतेम ४० अंकांची असते, त्यामुळे टार्गेट छोटं आणि खर्चाचा वाटा मोठा.

गॅनचा विक्रम

समर्थक नेहमी १९०९ चा दाखला देतात. रिचर्ड वायकॉफ यांच्या मासिकात त्या वर्षी एक लेख आला. गॅननं ऑक्टोबरमधल्या २५ व्यवहाराच्या दिवसांत २८६ सौदे केले आणि त्यातले २६४ नफ्याचे होते, असं त्यात म्हटलं होतं. हे खरं धरलं तरी त्यातून सौद्यांचा आकार कळत नाही, तोट्याच्या बावीस सौद्यांत किती गेलं ते कळत नाही, आणि त्या वेळी तो नेमका कुठला नियम वापरत होता तेही कळत नाही. छोटा नफा लगेच खिशात टाकायचा आणि तोटा धरून बसायचा, एवढ्यानंही बाजार अनुकूल असलेल्या महिन्यात नव्वद टक्के सौदे 'बरोबर' निघू शकतात.

दुसऱ्या बाजूला, अलेक्झांडर एल्डर या ट्रेडर-लेखकानं गॅनच्या मुलाची भेट घेतली होती. वडिलांना ट्रेडिंगवर घर चालवता येत नव्हतं, ते अभ्यासक्रम लिहून आणि विकून कमवत, असं मुलानं सांगितल्याचं एल्डरनं लिहिलं आहे. मृत्यूनंतरची मालमत्ता घरासकट एक लाख डॉलरच्या थोडी वर होती, असंही त्यानं लिहिलं आहे. समर्थक हे मान्य करत नाहीत आणि संपत्तीचे बरेच मोठे आकडे सांगतात. मला या वादात फार रस नाही. माणूस श्रीमंत झाला की नाही यावर सूत्र खरं-खोटं ठरत नाही, आणि सूत्र तपासायला आपल्याकडे वरची शीट आहे.

क्लासच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सरळ विचारावा, कारण तिथे फी आणि पुढे भांडवल जातं. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख होता. एखाद्या निवृत्त माणसाच्या ग्रॅच्युइटीतून दोन लाख जाणं ही लहान गोष्ट नाही. शिकवणाऱ्याकडे मागायचं ते एवढंच : गेल्या आठवड्याचं नव्हे, पुढच्या आठवड्याचं भाकीत, लिहून, सुरुवातीचा भाव, पायरी आणि सूट यांसकट. 'मी कुठला नीचांक घेतो ते अनुभवावर आहे' असं उत्तर आलं, तर जे विकलं जातंय ते सूत्र नाही, त्या माणसाचा अंदाज आहे. मग त्या अंदाजाचा हिशेब, सगळ्या सौद्यांचा, पाहायला मागा.

एक युक्तिवाद उरतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पातळ्यांना निसर्गाचा आधार नसेल, पण हजारो लोक त्याच पातळ्या पाहतात म्हणून त्या काम करतात, असं बरेच ट्रेडर म्हणतात. २५००० सारख्या गोल आकड्याबाबत यात तथ्य असू शकतं, कारण तो सगळ्यांना एकच दिसतो. नऊच्या चौकोनात तसं होत नाही. एक जण आजच्या उघडत्या भावापासून मोजतो, दुसरा कालच्या बंदपासून, तिसरा पंधरा मिनिटांनंतरच्या भावापासून, चौथा मार्च २०२० पासून. २५००० जवळ ४५ अंशांच्या पातळ्या ७९ अंकांवर असतात. चौघांच्या चार रांगा एकमेकांत मिसळल्या की सरासरी दर वीस अंकांवर कुणाची तरी पातळी येते, आणि कुठल्याच एका जागी गर्दी होत नाही. तुमच्या ओळखीतले गॅन वापरणारे पाच जण निवडा, एकाच सकाळी सव्वानऊला त्यांच्याकडून निफ्टीच्या पातळ्या लिहून घ्या आणि शेजारी शेजारी मांडा. गर्दीचा युक्तिवाद टिकतो की नाही, ते त्या कागदावर दिसेल.